किलो की नग?

मॅगझिनची नोटीस लागली तेव्हा रूममेट म्हणाली, "तू काय लिहिणार? तुझं मराठी तर कॉन्व्हेंटचं!" खरं आहे. मला एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये आजही क्षणभर थांबावं लागतं. पण गेल्या जून-जुलैच्या सुट्टीत मी घरी जो एक हिशेब केला, तो आपल्या हॉस्टेलवाल्यांच्या कामाचा आहे, आणि तो करताना हेच एकोणसत्तर-एकोणऐंशी माझ्या अंगाशीही आलं. तेव्हा गोड मानून घ्या.

आमचं घर मांजरसुंब्याला. बीडहून घाट चढून वर आलं की धुळे-सोलापूर रस्त्याला पाटोदा-केज रस्ता जिथे छेदतो, तो चौक म्हणजेच मांजरसुंबा, असं बसमधल्या माणसाला वाटतं. हॉटेलं, लॉज, टायरची दुकानं, ट्रकची रांग. गाव त्याच्या मागे आहे आणि गावात आम्ही पाच जण : आजी, पप्पा, आई, मी आणि नववीतला भाऊ.

जूनमध्ये आई धुण्याच्या दगडाजवळ शेवाळावरून घसरली. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर! आमची जुनी सेमी-ऑटोमॅटिक मशीन एप्रिलमध्येच मोटर जळून बंद पडली होती आणि 'नवीन घ्यायची की पावसाळा असाच काढायचा' हा वाद घरात चालू होता. तोपर्यंत सगळं धुणं आई हाताने धूत होती. आता ते कोण धुणार? मी आणि भावाने पहिले चार दिवस हौसेने धुतलं. पाचव्या दिवशी आजीचं नऊवारी लुगडं आणि डबलबेडची चादर एकत्र पिळताना आम्ही दोघंही हौदाच्या कडेला बसलो, ते उठलोच नाही.

पप्पांनी निर्णय दिला, "बाहेर टाका. बीडची ती मशीन-लाँड्रीची गाडी लॉजच्या चादरी न्यायला येते ना, सत्तर रुपये किलो घेतात. किलोचं स्वस्त पडतं."

चौकात आमचे परीटकाका आहेत. ते नगावर घेतात. शर्ट, पँट, कुर्ता, टॉवेल असा कुठलाही साधा नग धुऊन-इस्त्री वीस रुपये. ब्लाउज, उशीचा अभ्रा, ओढणी, रुमाल असा लहान नग दहा रुपये. साडी किंवा लुगडं पन्नास, मोठी चादर चाळीस. 'सत्तर रुपये किलो' ऐकल्यावर कुणालाही वाटतं की एका शर्टाचे वीस देणारा मूर्ख आहे. मलाही तसंच वाटलं. किलो म्हटलं की डोळ्यासमोर भाजीची पिशवी येते, आणि एका किलोत पुष्कळ काही येतं असा आपला समज असतो.

पहिल्या आठवड्याचं सगळं धुणं किलोवर गेलं. गाडीवाल्याने गाठोडं काट्यावर ठेवलं. आकडा आला 20.3 किलो. त्यांचा हिशेब अर्ध्या किलोच्या पटीत आणि नेहमी वरच्या बाजूला, म्हणून 20.5 धरले. झाले 1,435 रुपये. दोन दिवसांनी कपडे घडी करून आले, पण इस्त्रीशिवाय. इस्त्रीसकट हवं असेल तर दर 110 रुपये किलो, हे गाडीवाल्याने आधीच सांगितलं होतं आणि पप्पांनी ऐकलं नव्हतं. मग शाळेचे युनिफॉर्म, पप्पांचे शर्ट-पँट, आईच्या साड्या चौकात परीटकाकांकडे इस्त्रीला गेल्याच. आईची शाळा चालू होती. तीही शिक्षिका आहे, आणि हात गळ्यात असला तरी चुरगळलेली साडी नेसून ती वर्गात जाणार नव्हती. इस्त्रीचे 325 रुपये वेगळे झाले.

म्हणजे एका आठवड्याला 1,760 रुपये! आई काही बोलली नाही. नुसती प्लॅस्टरकडे बघत राहिली. ते बघून मला जास्त वाईट वाटलं, आणि मी काटा काढला.

हा काटा म्हणजे हॉस्टेलची बॅग बसमध्ये टाकण्याआधी मोजायला घेतलेला, आकड्याला लटकवायचा डिजिटल काटा. दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो. एक रुमाल त्याच्यावर टांगला तर काटा 20 म्हणतो आणि कधी 10 म्हणतो. फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये लीस्ट काउंट शिकवतात तो इथे उपयोगी पडला : आठ रुमाल एका पिशवीत घालून एकदम टांगायचे, पिशवीचं वजन वजा करायचं आणि आठने भागायचं. मी धुऊन आलेले सगळे कपडे असे गटागटाने टांगले. आजी दारात बसून बघत होती. "काय मोजायलीस गं? कापूस हाय का त्यो?"

होताच की बराचसा कापूस! एकूण 77 नग, आणि वजन भरलं 19.25 किलो.

पण गाडीवाल्याच्या काट्यावर तर 20.3 आले होते. माझ्या मनात लगेच पाप आलं. काटा खोटा आहे! पप्पा म्हणाले की दुकानातल्या काट्यावर वैधमापनचा शिक्का असतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते, तो शिक्का बघ. पुढच्या वेळी मी बघितला, शिक्का होता आणि चालू वर्षाचा होता. मग माझी दोन किलोची साखरेची पुडी त्याच्यावर ठेवली. बरोबर दोन किलो. गाडीवाला हसला.

फरक होता तो पाण्याचा. पावसाचे दिवस, टॉवेल अंगावरून थेट गाठोड्यात, आजीची लुगडी दमट. सुती कपडा हवेतून पाणी घेतो. अगदी कोरडा केलेला 100 ग्रॅम कापूस प्रमाणित हवेत साधारण साडेआठ ग्रॅम पाणी धरून बसतो. सूतबाजारात वजन करताना ते पाणी रीतसर हिशेबात धरतात. पॉलिएस्टर मात्र 100 ग्रॅमला अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. पावसाळी हवेत सुताचा आकडा आणखी चढतो, आणि टॉवेल खरोखर ओला असेल तर विचारूच नका. मी खात्री म्हणून करून बघितलं : आईची पॉलिएस्टरची साडी पावसाच्या दिवशी व्हरांड्यात रात्रभर टांगली, सकाळी काटा हलला नाही. भावाचा वापरलेला टॉवेल कोरडा 320 ग्रॅमचा, आंघोळीनंतर लगेच टांगला तर 450 च्या वर. आम्ही एक किलोहून जास्त पाणी बीडला घाट उतरवून पाठवलं होतं आणि वर अर्ध्या किलोच्या पटीसाठी आणखी पाव किलोच्या आसपास हवा! दोन्ही मिळून सव्वा किलो, म्हणजे साडेसत्याऐंशी रुपये. नगावर दिलं असतं तर ओला टॉवेलही वीस आणि कोरडाही वीस.

बरं, हे पाणी बाजूला ठेवू. कपडे कडक वाळवून दिले असं धरू. मग 19.25 किलोचे सत्तरने झाले 1,347 रुपये 50 पैसे. त्यावर ज्यांना इस्त्री लागतेच त्यांची चौकातली इस्त्री : 25 साधे नग आठ रुपयांनी 200, पाच साड्या वीसने 100, पाच ब्लाउज पाचने 25. एकूण 1,672 रुपये 50 पैसे.

आता तेच 77 नग परीटकाकांच्या दराने. 44 साधे नग म्हणजे 880. 21 लहान नग म्हणजे 210. पाच साड्या आणि चार लुगडी मिळून 450. तीन चादरी 120. बेरीज 1,660.

साडेबारा रुपयांचा फरक! मी तीनदा बेरीज केली. एवढा काटा, एवढी यादी, आणि उत्तर काय, तर दोन्ही सारखंच. पप्पा म्हणाले, "मग तुझ्या इंजिनिअरिंगचा उपयोग काय?" (किलोवर इस्त्रीसकट 110 चा दर धरला तर 2,117 होतात. ते तर सरळ महागच. कारण त्यात टॉवेल आणि चादरींच्या इस्त्रीचेही पैसे वजनाने मोजले जातात, आणि टॉवेलला इस्त्री करतं कोण?)

पण बेरीज सारखी आली म्हणून प्रत्येक कपड्याचा हिशेब सारखा आहे असं नाही. इथेच खरी गंमत आहे, आणि ती एका भागाकारात आहे. नगाच्या दराला किलोच्या दराने भागा. वीस भागिले सत्तर म्हणजे 286 ग्रॅम. साधा नग या वजनाच्या आत असेल तर किलोवर स्वस्त, वर असेल तर नगावर स्वस्त. हा झाला नुसत्या धुण्याचा हिशेब. नंतर इस्त्री वेगळी करून घ्यायची असेल तर आधी विसातून इस्त्रीचे आठ वजा करायचे, उरतात बारा, आणि मग मर्यादा 171 ग्रॅमवर उतरते.

म्हणजे माझी जीन्स 550 ग्रॅमची. किलोवर तिचे साडेअडतीस रुपये पडतात, नगावर वीस. भावाचा टी-शर्ट 160 ग्रॅमचा, इस्त्री नको, तो किलोवर सव्वाअकरा रुपयांत धुऊन येतो. एकाच गाठोड्यात टी-शर्ट आमचे पैसे वाचवत होते आणि जीन्स ते पैसे परत घालवत होती. चादर तर 850 ग्रॅमची. किलोवर साठ रुपये, नगावर चाळीस. आणि रुमाल! नगावर दहा रुपये, किलोवर दीड रुपयाच्याही आत. आईची साडी 420 ग्रॅमची. किलोवर धुणं आणि चौकात इस्त्री मिळून 49 रुपये 40 पैसे, नगावर पन्नास. साठ पैशांसाठी कोण दोन दुकानं फिरणार?

हे असं का, ते मला परीटकाकांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांची ती पितळी, कोळशाची इस्त्री. ती एका हाताने उचलता येते का बघा एकदा. कपडे घेऊन गेले तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्ही किलोवर का घेत नाही?" ते शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत म्हणाले, "पोरी, मशीनीला वजन कळतं, हाताला नग कळतो. आता ह्या शर्टाला कॉलर हाय, दोन कफ हायेत, सात-आठ गुंड्या हायेत. वजन कितीक असंल? अन् चादर? झटकली, घडी घातली, झालं."

मशीनवर सात किलो, पंधरा किलो असं लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन. एका घाण्यात किती माल बसला त्यावर मालकाचं पाणी, पावडर, वीज ठरते. त्या घाण्यात दहा शर्ट आहेत की चार चादरी, याचं मशीनला सोयरसुतक नाही. इस्त्रीवाल्याचा खर्च मात्र मिनिटांत असतो, आणि मिनिटं कॉलर, बाह्या, चुण्या यांच्यावर जातात. म्हणून धुण्याचा खरा दर किलोवर आणि इस्त्रीचा खरा दर नगावर. दोन्ही कामं एकाच दरात घातली की कुणीतरी कुणाचे पैसे भरतो. नगाच्या दरात रुमाल चादरीचे पैसे भरतो, किलोच्या दरात जीन्स टी-शर्टाचे.

आजीने यात तिसराच दर सांगितला. ती लहान असताना परटाला ना किलोने द्यायचे ना नगाने. परीट बारा बलुतेदारांतला. सुगीला खळ्यावर धान्य न्यायचा आणि वर्षभर घराचं धुणं करायचा. "मोजतंय कोण मर्दा! बाळंतीण असली तर धुणं जास्त, नसली तर कमी," असं ती म्हणाली. कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण करायचे, ती काळी खूण कपडा फाटला तरी जात नसे. आपल्या बालाघाटात बिब्ब्याची झाडं आहेत, पण त्याचं इंग्रजी नाव 'मार्किंग नट' का पडलं ते मला त्या दिवशी कळलं. बॉटनीच्या धड्यात मी ते नाव नुसतं पाठ केलं होतं.

दुसऱ्या आठवड्याला त्याच यादीतले कपडे पुन्हा मळून तयार झाले आणि सगळे परीटकाकांकडे नगावर गेले. काका मोजत गेले, मी वहीत लिहीत गेले. शेवटी ते म्हणाले "सत्त्याहत्तर", मी लिहिलं 67. घरी येऊन यादीशी ताडून बघते तर दहा नग गायब! माझा जीव वर-खाली. पळत चौकात गेले आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं. काकांनी शांतपणे पुन्हा सगळे मोजले. सात-सात! सहा-सात नव्हे. टपरीवरचे सगळे हसले. पण एक सांगते, या फजितीतही नगाच्या दराचा एक फायदा आहे. मोजल्याशिवाय पैसे ठरत नाहीत, म्हणून मोजणी होतेच. किलोवर दिलेल्या गाठोड्यात किती रुमाल होते हे ना आपल्याला माहीत असतं ना त्यांना. वजन नेहमी बरोबर भरतं आणि एक मोजा मात्र कायमचा बेपत्ता होतो.

आता मी ठरवलं की तिसऱ्या आठवड्याला दोन गाठोडी करायची. जे हलकं आहे आणि ज्याला इस्त्री नको ते किलोवर : टी-शर्ट, बर्म्युडा, माझ्या सलवारी, ओढण्या, अभ्रे, रुमाल. त्यात आजीची चार लुगडी. लुगडं 600 ग्रॅमचं, म्हणजे किलोवर 42 रुपये, नगावर 50, आणि आजी इस्त्रीचं लुगडं नेसत नाही, तिला ते 'घसरतं'. एकूण 5.3 किलो, 371 रुपये. बाकीचे नगावर, 1,060 रुपये. बेरीज 1,431. आठवड्याला 229 रुपये वाचले! अर्ध्या किलोची पट धरली तरी 215. मी हा कागद विजयी मुद्रेने पप्पांच्या ताटाशेजारी ठेवला.

आणि आईने एका प्रश्नात तो कागद फाडला. म्हणजे खरोखर फाडला नाही. तिने विचारलं, "आणि बनियन, चड्ड्या, परकर? ते कुठे आहेत यात?"

नव्हतेच ते. यादी केली तेव्हाच ते बाजूला काढले होते, कारण आतले कपडे बाहेर जात नाहीत. आमच्याकडेच नाही, मला वाटतं तुमच्याकडेही नाहीत. तेवढे मी आणि भाऊ रोज आंघोळीबरोबर धूत होतो. मी ते वेगळे टांगून बघितले : आठवड्याचे 40 नग, वजन फक्त 2.8 किलो. एका नगाला सरासरी 70 ग्रॅम! किलोवर सगळे मिळून 196 रुपये, लहान नगाच्या दराने 400. म्हणजे किलोचा दर ज्यांच्यावर सगळ्यात जास्त फायद्याचा, नेमके तेच कपडे घराबाहेर पडत नाहीत. किलोच्या दराची जाहिरात वाचताना आपण सगळं घर काट्यावर ठेवतो, आणि प्रत्यक्षात गाठोड्यात जाते ती निवडलेली, जड चीजवस्तू. आमच्या 77 नगांची सरासरी 250 ग्रॅम होती. हे 40 नग त्यात मिसळले असते तर ती 190 च्या खाली आली असती.

(हॉस्टेलवर मात्र उलटं आहे. आपल्याकडे बादलीत जे असेल ते सगळं जातं, इस्त्री कुणालाच नको असते. दहा टी-शर्ट म्हणजे 1.6 किलो, सत्तरने 112 रुपये, नगावर 200. तेव्हा किलोवाल्याला टी-शर्ट द्या. पण चार जीन्स त्यात कोंबल्या की 2.2 किलोचे 154 होतात, ज्या नगावर 80 मध्ये झाल्या असत्या. आमच्या विंगमध्ये एकीने सोलापुरी चादर किलोवर दिली होती. तिला अजून कळलेलं नाही, म्हणून नाव सांगत नाही.)

तरीही दोन गाठोड्यांचा माझा बेत चांगलाच होता. तो बुडाला तो आजीच्या लुगड्यामुळे. तिसऱ्या आठवड्याला किलोचं गाठोडं परत आलं तेव्हा भावाचे दोन पांढरे टी-शर्ट आणि सगळे अभ्रे फिकट डाळिंबी झाले होते. चारपैकी एक लुगडं नवं होतं, आषाढीला घेतलेलं, आणि त्याचा रंग कच्चा. परीटकाकांकडे ते हाताखालून वेगळं जातं. मशीनच्या घाण्यात किलोने आलेलं सगळं एकत्र फिरतं. रंग वेगळे करून दोन घाणे लावायला त्यांना परवडत नाही, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. खरं तर ओळखणं अगदी सोपं होतं. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून धरायचा, रुमालावर रंग उतरला तर कपडा वेगळा. अर्ध्या मिनिटाचं काम. मी वजन करण्यात एवढी गुंग होते की ते केलं नाही. त्यातला एक टी-शर्ट शाळेच्या पीटीचा होता, तो नवीन घ्यावा लागला. त्या आठवड्याची सगळी बचत त्यात गेली.

आजीला वाटलं तिचीच चूक. "मी म्हातारी, माझं धुणं ते कशाला तुमच्यात टाकता," असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी पहाटे हौदाजवळ लुगडं आपटताना सापडली. पंचाहत्तरीची आजी, तेच शेवाळ, तोच दगड! आई एका हाताने तिला उठवायला धावली. मला त्या क्षणी माझे सगळे आकडे फार फालतू वाटले. त्या दिवशी भावाने न सांगता दगडावरचं शेवाळ वीट घासून काढलं.

लुगडी पुन्हा नगावर गेली. आणि ती गेल्याबरोबर किलोचं गाठोडं 2.9 किलोवर आलं. गाडीवाल्याचं किमान वजन पाच किलो! त्याखाली कितीही असलं तरी 350 रुपये. म्हणजे 1,260 आणि 350, 1,610. सगळं नगावर देण्यापेक्षा फक्त पन्नास रुपये कमी, आणि तेही रंगाचा धोका पत्करून. त्यापेक्षा ते 2.9 किलो मी आणि भावाने घरीच धुवायचं ठरवलं. आठवड्याचा खर्च 1,260 वर थांबला आणि आमचे दोघांचे हात लाल झाले.

प्लॅस्टर निघायला अजून दोन आठवडे असताना पप्पांनी तो कागद पुन्हा मागितला. त्यांनी माझे भागाकार वगैरे बघितले नाहीत. फक्त 1,660 ला सहाने गुणलं. 9,960. "एवढ्यात सेमी-ऑटोमॅटिक येते," ते आईकडे न बघता म्हणाले. आई म्हणाली, "मी एप्रिलपासून तेच म्हणतेय."

मशीन पुढच्या रविवारी टेम्पोतून आली. साडेसात किलोची. टेम्पो चौकात वळताना परीटकाका इस्त्री बाजूला ठेवून बघत होते. मला फार अवघडल्यासारखं झालं. पाच आठवडे आमच्या घरचं मोठं गिऱ्हाईक त्यांच्याकडे होतं. मी उगाच म्हणाले, "काका, इस्त्रीचे सगळे तुमच्याकडेच येतील. पस्तीस नग होतात आठवड्याला."

"येऊ दे की," ते म्हणाले. "किती किलोची घेतलीस?"

"साडेसात."

त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हंजी चादरी तीन, लुगडी चार, टावेल पाच, एक घाणा. नवं लुगडं वेगळं टाक. अन् आजीला म्हणावं दगडाकडं जाऊ नको." मग कोळशावर पंखा मारत म्हणाले, "नग आणताना मोजून आण पोरी. पस्तीस म्हणजे तीन अन् पाच. पंचवीस नव्हं."